अंगठा जिथे, जॉयस्टिक तिथे

बीजीएमआय खेळणाऱ्या एखाद्या मुलाच्या शेजारी बसायची वेळ आली, तर स्क्रीनवरच्या गोळीबाराकडे बघू नका, त्याच्या डाव्या अंगठ्याकडे बघा. अंगठा काचेवर टेकतो, जरासा वर सरकतो आणि पडद्यावरचा सैनिक धावू लागतो. मुलाची नजर मात्र एकदाही त्या अंगठ्याकडे जात नाही. ती दूरच्या टेकडीवर, झाडामागे लपलेल्या शत्रूवर खिळलेली असते. ज्या गोष्टीकडे तो बघत नाही आणि जी त्याच्या बोटाला जाणवतही नाही, ती गोष्ट तो बिनचूक चालवतो. हे त्याच्या सरावाचं फळ आहेच, पण निम्मं श्रेय ज्यांनी ती जॉयस्टिक काचेवर मांडली त्यांचं.

खऱ्या गेमपॅडवर हा प्रश्नच नसतो. अंधारात ओळखीच्या घरात दिव्याचं बटण हाताला सापडावं, तशी गेमपॅडची बटणं बोटांना सापडतात. दांडी उंचवट्यासारखी वर आलेली असते, तिच्या भोवती कड असते, तिच्या आत स्प्रिंग असते. दांडी कुठे आहे हे अंगठ्याला स्पर्शाने कळतं, तिची हद्द कुठे संपते हे कडेमुळे कळतं आणि अंगठा सैल सोडला की स्प्रिंग तिला आपोआप मधोमध आणते. निंटेंडोने १९९६ साली एन६४ या यंत्राबरोबर अशी दांडी घरोघरी पोचवली आणि पुढच्या वर्षी सोनीने ड्युअलशॉकवर दोन दांड्या बसवल्या. तेव्हापासून डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं, हा रिवाज पडला. मोबाइलवरच्या बहुतेक नेमबाजीच्या खेळांनी तो तसाच उचलला.

उचलला, पण काचेवर. आणि काचेवर उंचवटा नाही, कड नाही, स्प्रिंगही नाही. आणखी एक गोष्ट नाही, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: काचेवर बोट नुसतं टेकवून ठेवता येत नाही. गेमपॅडच्या बटणावर बोट विसावलेलं असतं आणि वेळ आली की तेच बोट दाबलं जातं. फोनला टेकणं आणि दाबणं यांतला फरक कळत नाही. टेकलं म्हणजे दाबलंच. म्हणून खेळणाऱ्याचा उजवा अंगठा बहुतेक वेळ काचेच्या वर अधांतरी असतो, आणि प्रत्येक वेळी हवेतून खाली उतरताना त्याला बटणाची जागा अंदाजाने गाठावी लागते.

आयफोनसाठीचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं. पुढच्याच वर्षी आयडी सॉफ्टवेअरने त्यांचा जुना वुल्फेन्स्टाइन ३डी आयफोनवर आणला. त्या काळातल्या कित्येक खेळांत जॉयस्टिक म्हणजे डाव्या कोपऱ्यात कायमचं काढलेलं एक वर्तुळ असायचं. गेमपॅडचं चित्र काढून काचेवर चिकटवलं, एवढाच त्यामागचा विचार. चित्रात चूक काही नव्हती. चूक होती ती अंगठा बरोबर त्या चित्राच्या मध्यावर येऊन पडेल, या अपेक्षेत.

अंगठा तसा पडत नाही. समजा, जॉयस्टिकच्या वर्तुळाची त्रिज्या १० मिलिमीटर आहे. खेळणाऱ्याने न बघता अंगठा टेकवला आणि तो मध्यापासून ४ मिलिमीटर उजवीकडे पडला. फोनच्या हिशेबात अंगठा आत्ताच ४ मिलिमीटर उजवीकडे ढकललेला आहे. सैनिक लगेच उजवीकडे चालू लागतो. खेळणाऱ्याला तर फक्त अंगठा ठेवायचा होता, चालायचं नव्हतंच. तो गोंधळतो, खाली बघतो, अंगठा नीट करतो, आणि तेवढ्यात समोरचा गोळी घालून मोकळा होतो.

यावरचा तोडगा शोधायला फार डोकं लागत नाही, पण त्याने सगळं चित्र बदललं. जॉयस्टिकला ठरावीक जागा द्यायचीच नाही. स्क्रीनचा डावीकडचा मोठा तुकडा तिच्यासाठी मोकळा सोडायचा आणि त्या तुकड्यात अंगठा जिथे टेकेल तिथे वर्तुळाचा मध्य उगवू द्यायचा. आता अंगठा पडला ती जागा म्हणजेच शून्य. ४ मिलिमीटर इकडे पडो की १५ मिलिमीटर तिकडे, सैनिक उभाच राहतो. अंगठा उचलला की वर्तुळ नाहीसं होतं किंवा आपल्या मूळ जागी जाऊन फिकट दिसत राहतं. गेम बनवणारे हिला फ्लोटिंग जॉयस्टिक म्हणतात. काही खेळांच्या सेटिंगमध्ये जॉयस्टिक स्थिर हवी की सरकती, हा पर्याय असतो, तो याचाच.

याने उंचवट्याची उणीव भरून निघते. कड आणि स्प्रिंग नसण्याचा प्रश्न उरतोच, आणि तो जास्त चिवट आहे.

पळून जायचंय म्हणून खेळणारा अंगठा वर ओढतो. वर्तुळाची कड १० मिलिमीटरवर संपते, पण अंगठ्याला ते कसं कळणार? घाबरलेला माणूस अंगठा ओढतच राहतो. समजा तो उजवीकडे १६ आणि वर १२ मिलिमीटर गेला. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आठवलं तर कळेल की मध्यापासूनचं हे अंतर २० मिलिमीटर झालं. जॉयस्टिकच्या मर्यादेच्या दुप्पट. वेग काही दुप्पट करता येत नाही, म्हणून खेळाचा प्रोग्राम दिशा तीच ठेवतो आणि अंतर कापून १० वर आणतो. वर्तुळातली छोटी चकती ८ मिलिमीटर उजवीकडे आणि ६ मिलिमीटर वर, म्हणजे बरोबर कडेवर अडकलेली दिसते. अंगठा तिला सोडून पुढे गेलेला असतो. इथवर खेळणाऱ्याला काहीच खटकत नाही, कारण सैनिक हव्या त्या दिशेने पूर्ण वेगाने धावतोय.

गडबड होते ती मागे फिरताना. समोरून शत्रू आला, आता उलट पळायचं. खेळणारा अंगठा मागे ओढतो. पण अंगठा मध्यापासून २० मिलिमीटर दूर आहे. पहिले १० मिलिमीटर मागे आला तरी तो नुसता कडेपर्यंत पोचतो, आणि तोवर सैनिक जुन्याच दिशेने, शत्रूच्या अंगावर, पूर्ण वेगाने धावत राहतो. पुढचे १० मिलिमीटर वेग कमी होण्यात जातात. त्यानंतर कुठे दिशा बदलते. गेमपॅडवर हे घडत नाही, कारण दांडी कडेला अडकते आणि अंगठ्याला तिच्यापुढे जाताच येत नाही. काचेवर मात्र खेळणाऱ्याला वाटतं फोन अडकतोय, नेट मंद आहे, गेम भिकार आहे. दोष खरं तर त्या वाया गेलेल्या १० मिलिमीटरचा असतो.

हा दोष ओळखायचा सोपा मार्ग आहे. ट्रेनिंग ग्राउंडवर जा, अंगठा हळूच थोडासा पुढे ढकला आणि मागे फिरवा. मग अंगठा भरपूर लांब ओढून मागे फिरवा. पहिल्या वेळी सैनिक चटकन वळला आणि दुसऱ्या वेळी उशीर लागला, तर इंटरनेटला शिव्या देण्यात अर्थ नाही.

यावरचा इलाज म्हणजे वर्तुळालाच अंगठ्यामागे यायला लावायचं. अंगठा २० मिलिमीटरवर गेला, मर्यादा १० ची आहे, तर वर्तुळाचा मध्य त्याच दिशेने १० मिलिमीटर सरकवायचा: ८ उजवीकडे, ६ वर. आता अंगठा पुन्हा बरोबर कडेवर आहे, जणू कधी बाहेर गेलाच नव्हता. मागे फिरताना पहिल्या मिलिमीटरपासूनच वेग उतरू लागतो आणि १० मिलिमीटरनंतर दिशा बदलते. प्रोग्राममध्ये हे दोन-चार ओळींचं काम आहे. खेळणाऱ्याला ते दिसतही नाही, फक्त 'कंट्रोल स्मूथ आहेत' असं वाटतं. माझ्या मते काचेवरच्या कंट्रोलमधली ही सर्वांत हुशार युक्ती आहे. कड अंगठ्याला अडवू शकत नाही, म्हणून कडच अंगठ्याबरोबर चालायला लागली.

अर्थात हिलाही वेसण लागते. मध्य असाच सरकत राहिला तर वर्तुळ हळूहळू स्क्रीनच्या मध्यात येईल आणि उजव्या अंगठ्याच्या हद्दीत घुसेल. म्हणून डाव्या तुकड्याच्या सीमेवर त्याला थांबवतात.

स्प्रिंगचं काय? अंगठा उचलला की शून्य, एवढं सोपं आहे. पण अंगठा टेकलेला असताना स्थिर उभं राहायचं असेल तर? माणसाचा अंगठा दगडासारखा स्थिर नसतो. त्याच्या पेरावरचा मऊ भाग काचेवर दबतो, किंचित लोळतो, आणि फोनला वाटतं बोट अर्धा मिलिमीटर हललं. म्हणून मध्याभोवती एक छोटं वर्तुळ मृत ठेवतात. त्यातली हालचाल मोजायचीच नाही. याला डेड झोन म्हणतात. समजा तो २ मिलिमीटरचा आहे. आता अंगठा २ मिलिमीटरची रेषा ओलांडतो त्या क्षणी वेग किती असावा? सरळ हिशेब केला तर १० पैकी २, म्हणजे २० टक्के. म्हणजे उभा असलेला सैनिक हिसका बसल्यासारखा एकदम २० टक्के वेगाने चालू लागेल. हा हिसका घालवण्यासाठी मोजणी २ पासून सुरू करतात. २ मिलिमीटरला वेग शून्य, १० ला पूर्ण, आणि ६ ला बरोबर निम्मा, कारण ८ पैकी ४ मिलिमीटर पार झालेले असतात. शत्रूच्या पाठीमागून पावलांचा आवाज न करता हळू चालायचं असेल, तर हा मधला टप्पा हाताशी असावा लागतो. डेड झोन फार मोठा ठेवला की अंगठा सरकवूनही सैनिक मख्ख उभा राहतो, आणि फार लहान ठेवला की तो न सांगता डुलत राहतो.

डाव्या हाताचं हे असं बऱ्यापैकी सुटलं. उजव्या हाताचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे एक नाही तर वीसेक गोष्टी आहेत. गोळी, स्कोप, उडी, बसणं, झोपणं, गोळ्या भरणं, बॉम्ब, उपचार, पिशवी. शिवाय उजव्या अंगठ्यालाच नजर फिरवायची असते. बटणं सरकती करता येत नाहीत, नाहीतर कुठलं बटण दाबलं हे फोनला कळणार कसं?

इथे अंगठ्याच्या शरीररचनेपासून सुरुवात करावी लागते. साडेसहा इंची, लांबट आकाराच्या फोनची स्क्रीन आडवी धरल्यावर सुमारे १५० मिलिमीटर रुंद आणि ६८ मिलिमीटर उंच असते. हाताची चार बोटं मागे, तळवा कडेला, आणि अंगठा आपल्या मुळाभोवती कमानीत फिरतो. फोनच्या अगदी खालच्या कोपऱ्यात अंगठा न्यायचा तर तो दुमडावा लागतो आणि वरच्या मध्याकडे न्यायचा तर ताणावा लागतो. मधल्या कमानीवर तो सहज पोचतो. सारखी लागणारी बटणं या कमानीवर, प्रसंगी लागणारी तिच्या आसपास, आणि नकाशा, सेटिंग असल्या गोष्टी वरच्या कडेला. गोळीबाराचं बटण सहसा बाकीच्यांपेक्षा मोठं असतं, ते याच कारणाने.

मोठं म्हणजे किती? ॲपल आपल्या ॲप बनवणाऱ्यांना सांगतं की बोटाने दाबायची जागा किमान ४४ बाय ४४ पॉइंट हवी. आयफोनवर ते साधारण ७ मिलिमीटर होतात. गूगलचा आकडाही त्याच्याच आसपासचा, किंचित जास्त आहे. पण हे आकडे बघून, थांबून दाबायच्या बटणांसाठी आहेत. धावपळीत, न बघता, हवेतून उतरणाऱ्या अंगठ्यासाठी ते अपुरे पडतात. आणि बटण मोठं करावं तर ते खेळ झाकतं. अंगठे आधीच काचेचा बराच भाग झाकून बसलेले असतात, त्यात बटणांची भर. म्हणून चित्र लहान आणि स्पर्शाची जागा मोठी, असा मधला मार्ग काढतात. दिसायला ८ मिलिमीटरचं बटण प्रत्यक्षात १२ मिलिमीटरचा स्पर्श पकडतं. बटण अर्धपारदर्शक करता येतं, तेही याचसाठी.

दोन बटणांच्या अशा अदृश्य जागा एकमेकींवर चढल्या तर भांडण होतं. तेव्हा स्पर्श ज्या मध्याच्या जवळ असेल त्या बटणाला द्यायचा, हा साधा नियम बरा चालतो. त्याहून महत्त्वाचा नियम दुसरा आहे: स्पर्श ज्या बटणावर सुरू झाला त्याच्याच मालकीचा, बोट उचलेपर्यंत. काचेवर टेकलेल्या प्रत्येक बोटाला फोन एक क्रमांक देतो. अँड्रॉइड असो की आयफोन, पाच बोटं टेकली तरी कुठलं कोणतं याचा हिशेब राहतो. त्यामुळे गोळीबाराच्या बटणावर टेकलेला अंगठा सरकत सरकत उडीच्या बटणावरून गेला, तरी उडी बसत नाही.

याच नियमातून बीजीएमआय आणि त्याच्या जातकुळीतल्या खेळांतली एक मोठी सोय निघाली. एकच उजवा अंगठा गोळीही झाडणार आणि नेमही धरणार, हे कसं जमावं? गोळीच्या बटणावर अंगठा टेकवला की गोळ्या सुरू होतात, आणि तोच अंगठा न उचलता सरकवला की नजर फिरते. बटणाला जॉयस्टिकचा गुण चिकटवला. ब्रॉल स्टार्समध्ये याचा आणखी सुटसुटीत अवतार आहे: हल्ल्याच्या बटणावर नुसतं टिचकी मारलं तर खेळ स्वतःच नेम धरतो, ओढलं तर नेम तुमचा आणि बोट सोडलं की मारा. गंमत म्हणजे सुपरसेल कंपनीने २०१७ मध्ये हा खेळ चाचणीसाठी काढला तेव्हा तो उभ्या फोनवर, जिथे जायचं तिथे टिचकी मारून खेळायचा होता. जगभर प्रसिद्ध होईपर्यंत तो आडवा झाला आणि जॉयस्टिकवर आला.

ओढून नेम धरणाऱ्यालाही एक गोष्ट जमत नाही: नजर शांतपणे फिरवत असताना, योग्य क्षणी, अंगठा न उचलता गोळी सुरू करणं. त्यासाठी तिसरं बोट लागतं. बीजीएमआयमध्ये गोळीचं एक बटण डावीकडेही असतं. बऱ्याच जणांना ते फालतू वाटतं. मात्र जी मुलं डाव्या हाताची तर्जनी वाकवून फोनच्या वरच्या कडेवरून काचेवर आणतात, त्यांच्यासाठी ते बटण म्हणजे गुरुकिल्ली. तर्जनी गोळी झाडते, उजवा अंगठा फक्त नेम धरतो, डावा अंगठा पळत राहतो. दोन्ही तर्जन्या आणल्या की चार बोटं कामाला लागतात. खेळणाऱ्यांच्या भाषेत हा क्लॉ. बोटं खेकड्याच्या नांगीसारखी दिसतात खरी, आणि तासभर खेळल्यावर दुखतातही.

क्लॉ जमण्यासाठी बटणं हलवता आली पाहिजेत. म्हणूनच लेआउट बदलण्याची सोय अशा खेळांत जवळपास सक्तीची झाली आहे. प्रत्येक बटण ओढून हवं तिथे ठेवा, लहान-मोठं करा, फिकट करा. कंपनीने दिलेला लेआउट सगळ्यांना चालेल असा, म्हणजे कुणालाच पुरता न बसणारा असतो. अंगठ्यांची लांबी वेगळी, फोनची रुंदी वेगळी, डावखुऱ्यांचं गणित वेगळं.

माझ्या भाच्याची तक्रार होती की नवा फोन घेतल्यापासून गोळीऐवजी उडी बसते. टचच खराब आहे, असं त्याचं ठाम मत. अँड्रॉइड फोनमध्ये हे तपासायची सोय दडलेली आहे. सेटिंगमध्ये फोनची माहिती उघडून Build number वर सात वेळा टिचकी मारली की Developer options चा विभाग उघडतो. त्यात Pointer location सुरू केलं की बोट जिथे टेकतं तिथे फुली उमटते आणि बोटाचा माग रेषेने दिसतो. वरच्या पट्टीत P पुढे किती बोटं टेकली आहेत त्याचा आकडाही येतो. पुढचा स्पर्श झाला की आधीचा माग पुसला जातो, म्हणून स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून मग थांबत थांबत बघायचं.

आम्ही तसंच केलं. टच ठणठणीत होता. चुकलेले सगळे स्पर्श गोळीच्या बटणाच्या खाली आणि उजवीकडे, तीन-चार मिलिमीटरवर पडत होते. तिथेच उडीचं बटण. हा खुणेचा मुद्दा आहे. चुकलेले स्पर्श बटणाच्या चहूबाजूंनी विखुरलेले असतील तर बटण लहान पडतंय, ते मोठं करावं. सगळे एकाच अंगाला असतील तर बटण चुकीच्या जागी आहे, मोठं करून उपयोग नाही, हलवावं. भाच्याचा नवा फोन जुन्यापेक्षा रुंद होता. लेआउट त्या रुंदीप्रमाणे ताणला गेला आणि बटण कडेपासून आत सरकलं. अंगठा मात्र तेवढाच राहिला. त्यात माणूस अंगठ्याच्या नखाकडे बघून नेम धरतो, पण काचेला टेकतो तो पेराचा खालचा मऊ भाग. अंगठा ताणला की हा फरक वाढतो. बटण तीनेक मिलिमीटर खाली उजवीकडे आणलं आणि उडीचं बटण त्याहून लांब सरकवलं. तक्रार संपली. टचवरचा आरोप त्याने अजून मागे घेतलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

रुंदीची ही भानगड टॅबलेटवर अधिक उघडी पडते. फोनवर जॉयस्टिकचा मध्य डाव्या कडेपासून २८ आणि खालून २२ मिलिमीटरवर असेल, तर कोपऱ्यापासून तो सुमारे ३६ मिलिमीटर पडतो. अंगठ्याला अगदी आरामाचं अंतर. तीच टक्केवारी धरून चित्र अकरा इंची टॅबलेटवर ताणलं तर हे अंतर ६५ मिलिमीटरच्या घरात जातं. म्हणून जाणते लोक बटणाची जागा स्क्रीनच्या टक्क्यांत न मोजता कोपऱ्यापासून मिलिमीटरमध्ये बांधतात. शिवाय टॅबलेट खालच्या कोपऱ्यांना धरला जात नाही, बाजूंच्या मध्याला धरला जातो, तेव्हा बटणं थोडी वरही न्यावी लागतात.

अगदी कडेलाही बटण ठेवता येत नाही. तिथे तळव्याचा मांसल भाग चुकून टेकतो. दुसरं म्हणजे कडा फोनच्या स्वतःच्या कामाच्या आहेत. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि कडेवरून आत बोट ओढलं की मागे जाण्याची पद्धत रूढ झाली. भर लढाईत खेळ बंद होऊन मुखपृष्ठ समोर यावं, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. त्यामुळे पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या खेळात पहिल्या ओढीला फोन फक्त पट्टी दाखवतो, पुन्हा ओढलं तरच बाहेर जाऊ देतो. आयफोनवरही खेळाला अशी सवलत मागता येते. २०१७ च्या आयफोन एक्सपासून स्क्रीनमध्ये खाच आली, गोल कोपरे आले. बटण त्यांच्याखाली जाऊ नये म्हणून सुरक्षित चौकट सोडावी लागते.

एवढं सगळं करूनही वीस बटणं ती वीसच. काचेवर टिकणारा उपाय म्हणून गेम बनवणारे शेवटी बटणं कमी करण्याकडे वळतात. गाडीजवळ गेल्यावरच 'चालवा' हे बटण दिसतं. जमिनीवरच्या वस्तू आपोआप उचलल्या जातात. जॉयस्टिक खूप वर ओढली की धावणं कुलूपबंद होतं आणि अंगठा मोकळा. यातही एक खाच आहे: प्रसंगी उगवणारं बटण नेमकं टेकलेल्या अंगठ्याखाली उगवलं तर? तिथे तोच जुना नियम कामी येतो. स्पर्श बटण यायच्या आधी सुरू झाला असेल तर त्यावर बटणाचा हक्क नाही.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीच्या मास्कगनमध्ये तर नेम शत्रूवर आला की गोळी आपोआप सुटते. गोळीच्या बटणाची अडचण त्यांनी अशी सोडवली. कसलेले खेळाडू अशा सोयींना नाकं मुरडतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. ज्या काचेला दाब कळत नाही तिच्यावर गेमपॅडचा हट्ट धरण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. टेंपल रन आणि सबवे सर्फर्स यांनी तर जॉयस्टिक मुळातच वगळली. चार दिशांना बोट फटकारायचं, तेही स्क्रीनवर कुठेही. नेमबाजीला तेवढं पुरत नाही, ही त्याची मर्यादा.

फोन हलवून नेम धरण्याचा मार्गही आहे. फोनमधल्या जायरोस्कोपमुळे मनगट जरासं तिरपं केलं की नेम सरकतो, आणि अंगठ्याचं बारीक काम मनगटाकडे जातं. चालत्या एसटीत हा प्रकार करू नये. असूसने २०१८ मध्ये आरओजी फोनच्या कडेला स्पर्श ओळखणाऱ्या जागा दिल्या. त्या दाबल्या की काचेवरचं नेमून दिलेलं बटण दाबलं जातं. म्हणजे काच झाकली जात नाही आणि तर्जनीला तिची नैसर्गिक जागा मिळते. उपाय चांगला, पण असे फोन महाग आणि थोडे. घामट बोटांसाठी मिळणारे पातळ, वीजवाहक धाग्यांचे बोटमोजे त्या मानाने स्वस्त आहेत. ते बोट सुळकन सरकवतात, घामाने भलतीकडे उमटणारे स्पर्श कमी करतात, पण चुकीच्या जागी असलेलं बटण बरोबर जागी आणत नाहीत.

तेव्हा लेआउट बदलायचाच असेल, तर एखाद्या नामवंत खेळाडूचा लेआउट जसाच्या तसा उतरवून घेऊ नका. तो त्याच्या अंगठ्यासाठी आणि त्याच्या फोनसाठी आहे. फोन नेहमीसारखा धरा, डोळे मिटा, अंगठे आणि तर्जन्या जिथे सहज पडतात तिथे पडू द्या, आणि आधी गोळी, मग स्कोप, मग उडी त्या जागी आणा. एका वेळी एकच बटण हलवा आणि ट्रेनिंग ग्राउंडवर सवय होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. सगळी बटणं एकदम हलवली, तर कुठल्याने बिघडलं हे कळायला काही मार्ग राहत नाही.